क्रेडिट कार्डाचं बिल: ‘५० दिवस बिनव्याजी’ कधी मिळतात आणि कधी हातचे जातात

पहिलं क्रेडिट कार्ड घेताना बँकेचा माणूस एक वाक्य हमखास सांगतो: ‘सर, ५० दिवस वापरा, व्याज शून्य.’ वाक्य खोटं नसतं, पण त्याला एक अट असते आणि ती बहुधा पहिल्यांदा व्याज लागल्यावरच कळते. ही अट नीट समजली की कार्डाचा बाकी सगळा हिशोब सोपा आहे. त्यासाठी आधी तीन तारखा ओळखू, मग एक बिल हातात घेऊन आकडे मांडून बघू.

आधी तीन तारखा शोधा

बँकेच्या ॲपमध्ये किंवा ईमेलने आलेल्या पीडीएफमध्ये मागचं स्टेटमेंट उघडा. त्यावर Statement Date आणि Payment Due Date अशा दोन तारखा ठळक छापलेल्या असतात. तिसरी तारीख आपल्या प्रत्येक खरेदीची, ती खाली यादीत दिसते.

स्टेटमेंटची तारीख म्हणजे बँक ज्या दिवशी वही बंद करून बेरीज मारते तो दिवस. समजा तुमच्या कार्डाची ही तारीख दर महिन्याची १२ आहे. मग १३ जुलैपासून १२ ऑगस्टपर्यंत जे काही खर्च झाले ते सगळे १२ ऑगस्टच्या बिलात येतात. हा एक महिन्याचा पट्टा म्हणजे बिलिंग सायकल. तो १ तारखेला सुरू होऊन महिनाअखेरीस संपतो असं अजिबात नाही. नवीन कार्डधारक सगळ्यात आधी इथेच गोंधळतात: ‘ऑगस्टचं बिल’ म्हणजे ऑगस्टमधले खर्च असं धरून चालतात, आणि प्रत्यक्षात त्यात निम्मा जुलै असतो.

बिल निघाल्यावर पैसे भरायला काही दिवस मिळतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्याज सुरू होण्याआधी ग्राहकाला निदान एक पंधरवडा मिळायला हवा. बऱ्याच बँका १८ ते २० दिवस देतात. आपण २० धरू. म्हणजे १२ ऑगस्टच्या बिलाची ड्यू डेट १ सप्टेंबर आणि १२ सप्टेंबरच्या बिलाची २ ऑक्टोबर. महिना ३० चा की ३१ चा यावर ड्यू डेट एखाद्या दिवसाने सरकू शकते, त्यामुळे ‘माझी ड्यू डेट १ तारीख’ असं पाठ करून ठेवू नका. दर बिलावरची तारीख बघा.

५० दिवस मिळतात ते एकाच दिवशीच्या खरेदीला

आता खरेदीची तारीख या पट्ट्यावर ठेवून बघा. १३ जुलैला, म्हणजे सायकलच्या पहिल्याच दिवशी, काही घेतलं तर ते १२ ऑगस्टच्या बिलात येईल आणि पैसे १ सप्टेंबरला द्यावे लागतील. मध्ये ५० दिवस गेले. तीच वस्तू १२ ऑगस्टला, वही बंद होण्याच्या दिवशी घेतली तर ती त्याच बिलात येते आणि पैसे त्याच १ सप्टेंबरला द्यायचे. मिळाले फक्त २० दिवस. आणि एकच दिवस थांबून १३ ऑगस्टला घेतली असती तर? ती पुढच्या बिलात गेली असती आणि २ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पुन्हा ५० दिवस मिळाले असते.

तर जाहिरातीतला ५० हा आकडा कमाल मर्यादेचा आहे. सायकलच्या मध्यावर केलेल्या खरेदीला साधारण ३५ दिवस मिळतात. फ्रिज, लॅपटॉप किंवा विमानाची तिकिटं असा मोठा खर्च हातात असेल आणि घाई नसेल, तर स्टेटमेंट निघून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी करावा. एवढाच या गणिताचा व्यावहारिक उपयोग. दूध-भाजीच्या खरेदीसाठी कॅलेंडर बघत बसण्यात अर्थ नाही.

मात्र वही बंद होण्याच्या अगदी तोंडाशी केलेल्या खरेदीचा भरवसा धरू नका. तुम्ही दुकानात कार्ड लावता तो दिवस आणि बँक ती रक्कम खात्यात कायमची नोंदवते तो दिवस, यांत एक-दोन दिवसांचं अंतर पडू शकतं. १२ तारखेला रात्री केलेला व्यवहार त्याच बिलात दिसेल किंवा पुढच्या. हॉटेल आणि पेट्रोल पंपांवर तर आधी रक्कम रोखून ठेवतात आणि नोंद नंतर होते. ॲपमध्ये असे व्यवहार ‘अनबिल्ड’ किंवा ‘पेंडिंग’ अशा वेगळ्या यादीत दिसतात.

अट कोणती

बिनव्याजी मुदत ही सवलत आहे आणि ती एकाच अटीवर मिळते: बिलावरची Total Amount Due ही पूर्ण रक्कम ड्यू डेटपर्यंत बँकेकडे जमा झाली पाहिजे. थोडी कमी चालत नाही. अट मोडली की दोन गोष्टी एकदम होतात. जुन्या खरेदीवरचं व्याज ड्यू डेटपासून न मोजता त्या-त्या खरेदीच्या दिवसापासून मोजलं जातं. आणि बाकी शिल्लक असेपर्यंत जी नवी खरेदी कराल तिलाही बिनव्याजी मुदत नसते, तिचं व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं.

पहिली गोष्ट लोकांना अन्यायाची वाटते. ‘मी सात दिवस उशीर केला, मग सात दिवसांचं व्याज घ्या ना!’ भावना समजते, पण करार तसा नसतो. ५० दिवस तुम्हाला व्याज लागलं नाही कारण बँकेने ते माफ केलं होतं, आणि माफी वेळेवर पूर्ण भरण्याच्या बोलीवर होती.

सात दिवसांच्या उशिराचं उदाहरण लगेच करून टाकू. समजा १५ जुलैला २४,००० रुपयांचं वॉशिंग मशीन घेतलं आणि ५ ऑगस्टला ६,००० ची तिकिटं काढली. १२ ऑगस्टचं बिल ३०,००० चं. कार्डाचा दर महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. तुम्ही पूर्ण ३०,००० भरले, पण १ सप्टेंबरऐवजी ८ सप्टेंबरला. ७ दिवसांचं व्याज सुमारे २४२ रुपये झालं असतं. प्रत्यक्षात मशीनवर ५५ दिवसांचं आणि तिकिटांवर ३४ दिवसांचं व्याज लागतं: अंदाजे १,७५४ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,०६९. लेट फी वेगळी.

‘मिनिमम ड्यू’ भरलं तर

बिलावर आणखी एक रक्कम असते: Minimum Amount Due. पहिल्या बिलावर ती साधारण एकूण रकमेच्या ५ टक्के असते. आपल्या उदाहरणात १,५०० रुपये. ३०,००० च्या शेजारी १,५०० दिसले की मोह होतो. एवढे भरले की लेट फी लागत नाही आणि खातं थकबाकीत जात नाही, हे खरं आहे. व्याज मात्र थांबत नाही, कारण पूर्ण रक्कम भरण्याची अट मोडलेली असते.

समजा १ सप्टेंबरला तुम्ही हे १,५०० भरले. त्याआधी २० ऑगस्टला गणपतीसाठी ५,००० ची खरेदीही झालेली आहे. १२ सप्टेंबरला बँक वही बंद करते तेव्हा हिशोब असा असतो:

एका दिवसाचं व्याज = बाकी × ३.५ टक्के × १२ ÷ ३६५

मशीनपैकी उरलेले २२,५०० रुपये, १५ जुलै ते १२ सप्टेंबर असे ५९ दिवस: १,५२८ रुपये.
तिकिटांचे ६,०००, ५ ऑगस्टपासून ३८ दिवस: २६२ रुपये.
गणपतीच्या खरेदीचे ५,०००, २० ऑगस्टपासून २३ दिवस: १३२ रुपये.

बेरीज १,९२२. त्यावर जीएसटी ३४६. एकूण २,२६८ रुपये.

म्हणजे १,५०० भरले आणि २,२६८ चढले. नवं बिल ३५,७६८ रुपयांचं येईल. गणपतीच्या खरेदीचं बिल तर अजून निघायचं होतं. एरवी तिला २ ऑक्टोबरपर्यंत ४३ दिवस फुकट मिळाले असते. मागची बाकी राहिल्यामुळे तीही व्याजात ओढली गेली.

इथे एक बारकावा आहे. भरलेल्या १,५०० वर १५ जुलै ते १ सप्टेंबर या ४८ दिवसांचं व्याज धरायचं की नाही? वर आपण धरलेलं नाही. धरलं तर ८३ रुपये वाढतील. रिझर्व्ह बँकेचा नियम सांगतो की व्याज उरलेल्या रकमेवर, म्हणजे भरणा आणि परतावे वजा करून, लावायचं. तुमची बँक आकडेमोड नेमकी कशी करते ते तिच्या ‘मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स’ या कागदात उदाहरणासह दिलेलं असतं. कागद कंटाळवाणा आहे, पण त्यातलं व्याजाचं उदाहरण तेवढं वाचाच. बिनव्याजी मुदत कधी जाते हे त्यात लिहिणं बँकांवर बंधनकारक आहे.

पुढच्या बिलात मिनिमम ड्यू एकदम वाढलेलं दिसेल. त्यात मुद्दलाच्या ठरावीक टक्क्यांबरोबर चढलेलं व्याज, फी आणि कर हेही धरलेले असतात. मिनिमम भरत राहिलं तरी कर्ज फुगतच जावं, अशी रचना बँकांना करता येत नाही. पण फुगत नाही म्हणजे लवकर फिटतं असंही नाही. केवळ मिनिमम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबते, असा इशारा प्रत्येक बिलावर छापणं याच कारणाने सक्तीचं आहे. बारीक अक्षरात का होईना, तो तुमच्याही बिलावर असेल.

आणि ४२ टक्के हा दर कायद्यात बसतो का? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्यामुळे ३० टक्क्यांच्या मर्यादेचे जुने मेसेज कुणी पाठवले तर त्यांवर विसंबू नका.

एकदा घसरलात, तर सावरायचं कसं

आता ३५,७६८ चं बिल समोर आहे, ड्यू डेट २ ऑक्टोबर. बहुतेक लोक काय करतात? यावेळी पूर्ण भरायचं ठरवतात आणि २ ऑक्टोबरची वाट बघतात. आधीच्या सवयीने हे बरोबर वाटतं, कारण एरवी ड्यू डेटपर्यंत थांबण्यात फायदाच असतो. पण आता बिनव्याजी मुदत बंद आहे. १२ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या २० दिवसांत ३३,५०० च्या मुद्दलावर रोज साडेअडतीस रुपये चढत राहतात. ते ७७१ रुपये आणि त्यावरचा जीएसटी, मिळून ९१० रुपये १२ ऑक्टोबरच्या बिलात उगवतात. ‘मी तर सगळं भरलं होतं, हे कुठून आलं?’ असा फोन कस्टमर केअरला जातो तो याच बिलावरून. बँकेची चूक नसते. बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते व्याज असतं आणि १२ सप्टेंबरच्या बिलात ते येऊच शकत नव्हतं.

म्हणून मागची बाकी असेल तेव्हा ड्यू डेट विसरा आणि पैसे हातात येतील त्या दिवशी भरा. १३ सप्टेंबरलाच पूर्ण भरले असते तर ९१० ऐवजी पन्नासच्या आत भागलं असतं. एकरकमी जमत नसेल तर तुकड्यांत भरा. कार्डावर महिन्यातून कितीही वेळा पैसे भरता येतात आणि प्रत्येक हप्त्यानंतर रोजचं व्याज कमी होतं. बिल निघायची वाट बघायचीही गरज नाही.

दुसरं, बाकी शून्य होईपर्यंत त्या कार्डावर नवी खरेदी करू नका. किराणा यूपीआयने बँक खात्यातून घ्या. शेवटी तो उरलेल्या व्याजाचा छोटा आकडा बिलात आला की तोही पूर्ण भरा. रक्कम किरकोळ म्हणून सोडली तर ‘मागची बाकी शिल्लक’ ही अट पुन्हा लागू होते.

रक्कम इतकी मोठी असेल की दोन-तीन महिन्यांत फिटणारच नाही, तर बँकेला त्या बाकीचे ईएमआय करून मागा, किंवा स्वस्त दराचं वैयक्तिक कर्ज काढून कार्ड मोकळं करा. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी धरूनही ते सहसा ४२ टक्क्यांपेक्षा स्वस्त पडतं. फक्त कार्ड मोकळं झालं की ते पुन्हा भरू नका, नाहीतर दोन कर्जं होतात.

तीन दिवसांची सवलत कशाला आहे

रिझर्व्ह बँकेच्या नियमात आणखी एक तरतूद आहे. ड्यू डेट उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच बँक लेट फी लावू शकते आणि क्रेडिट ब्युरोला थकबाकी कळवू शकते. हे ऐकून काही जण ‘ड्यू डेट म्हणजे खरं तर तीन दिवस पुढे’ असं धरतात. ही सवलत लेट फी आणि सिबिलच्या नोंदीपुरती आहे. बिनव्याजी मुदत त्याने वाढत नाही. शिवाय तीन दिवस उलटले की उशिराची मोजणी चौथ्या दिवसापासून न होता मूळ ड्यू डेटपासूनच होते. नेट बंद पडलं, दवाखान्यात होतो, अशा प्रसंगासाठीच ती राखून ठेवावी.

लेट फीबद्दल एक गोष्ट ग्राहकाच्या बाजूची आहे: ती ड्यू डेटनंतर उरलेल्या रकमेवर ठरते, पूर्ण बिलावर नाही. ३०,००० पैकी १,००० च भरलेत, म्हणजे मिनिमम ड्यूपेक्षाही कमी, तर फी उरलेल्या २९,००० वर ठरली पाहिजे. पूर्ण ३०,००० वर लावली असेल तर तक्रार करा.

पैसे भरताना

तुमच्या खात्यातून पैसे गेले तो दिवस आणि कार्डावर जमा झाले तो दिवस वेगळे असू शकतात, आणि मोजला जातो दुसरा. कार्ड आणि खातं एकाच बँकेत असेल तर बहुधा लगेच जमा होतात. दुसऱ्या बँकेतून किंवा एखाद्या ॲपमधून भरताना दोन-तीन दिवसांची फट ठेवा. चेक टाकणारे अजून आहेत, त्यांनी तर आठवडाभर आधी टाकावा.

सगळ्यात बरं म्हणजे ऑटो-डेबिट. ते चालू करताना ‘टोटल ड्यू’ आणि ‘मिनिमम ड्यू’ असे दोन पर्याय येतात. काही अर्जांवर मिनिमम आधीच निवडलेलं असतं. ते न बघता सही केलेला माणूस वर्षभर ‘माझं तर ऑटो-डेबिट आहे’ म्हणून निश्चिंत असतो आणि दर महिन्याला व्याज भरत असतो. तुमचं कोणतं चालू आहे ते आत्ताच ॲपमध्ये बघा. ओळखायची खूण सोपी आहे: बिलात Finance Charges अशी ओळ दिसली की कुठलं तरी बिल पूर्ण भरलं गेलेलं नाही किंवा उशिरा भरलं गेलंय. किंवा कार्डावरून एटीएममधून रोख काढली आहे. रोखीला बिनव्याजी मुदत कधीच नसते, व्याज त्याच दिवसापासून आणि वर काढण्याची फी.

परत केलेल्या वस्तूंचंही लक्षात ठेवा. बिल १२ ऑगस्टला निघालं आणि ६,००० ची तिकिटं तुम्ही २० ऑगस्टला रद्द केली. परतावा ड्यू डेटच्या आत कार्डावर आला तर बँकेने तो भरायच्या रकमेतून लगेच वजा करून तुम्हाला कळवायला हवं, आणि मग २४,००० भरले की झालं. पण विमान कंपनीने ‘रिफंड केला’ असा मेसेज पाठवणं आणि तो कार्डावर जमा दिसणं यांत कधीकधी आठवडा जातो. १ सप्टेंबरला जमा दिसत नसेल तर पूर्ण ३०,००० भरा. नंतर आलेले ६,००० कार्डावर तुमच्या नावे जमा राहतील आणि पुढच्या बिलातून वजा होतील. तिकिटांच्या वादात बिल कमी भरलं तर त्याचं व्याज विमान कंपनी देणार नाही.

तारीख सोयीची नसेल तर बदलून घ्या

पगार ७ तारखेला होतो आणि ड्यू डेट १ ला येते, अशी रड असेल तर ती मुकाट्याने सोसायची गरज नाही. बिलिंग सायकल बदलून घेण्याची संधी कार्डधारकाला निदान एकदा तरी द्यावीच लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ॲप, नेट बँकिंग, ईमेल किंवा हेल्पलाइन यांपैकी कुठूनही ते मागता येतं.

नवी तारीख निवडताना उलटं मोजा. पगार ७ ला होत असेल तर दोन-चार दिवस मागेपुढे धरून ड्यू डेट १२ च्या आसपास हवी. त्यातून २० दिवस मागे जा: स्टेटमेंट २२ किंवा २३ तारखेला निघालं पाहिजे. बँक जवळची जी तारीख देईल ती घ्या. बदल होतो त्या महिन्यात एक सायकल नेहमीपेक्षा लहान किंवा मोठी निघते. ते बिल आलं की त्यावरची ड्यू डेट बघून घ्या आणि ऑटो-डेबिट नव्या तारखेला चालू आहे ना, हे बँकेकडून पक्कं करून घ्या.